स्पेस ऑपेरातील साम्राज्य आणि बंड

अवकाशयुद्धांच्या प्रदीर्घ कथामालांमध्ये (स्पेस ऑपेरा) एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन राजकीय विचारसरणींतून नैतिक पेच कसा उभा केला जातो, हा या नोंदीचा विषय आहे. ‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये घासूनपुसून गुळगुळीत झालेल्या अंतराळकथांची टर उडवण्यासाठी वापरली. त्या काळच्या बहुतेक कथांत शत्रू परका आणि दुष्ट असे. त्याला हरवायचे की नाही, असा प्रश्नच पडत नसे. शत्रू परग्रहावरचा न राहता आपल्याच माणसांचे राज्य झाला, तेव्हा कोणाचे ऐकावे आणि कोठवर ऐकावे हा प्रश्न कथेत शिरला.

साम्राज्य विरुद्ध बंड या मांडणीचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे १९७७ चा ‘स्टार वॉर्स’. त्यात साम्राज्य एका शस्त्राची ताकद दाखवण्यासाठी आल्डरान हा अख्खा ग्रह उडवून देते, आणि प्रेक्षकाचा कौल तेथेच ठरतो. नायकापुढे प्रश्न उरतो तो धैर्याचा. साम्राज्य वाईट आहे का, हे त्याला ठरवावे लागत नाही. कथा त्यामुळे वेगवान होते हे खरे, पण संघर्ष नैतिक होण्याऐवजी लष्करी होतो. खरा पेच पडायला दोन्ही बाजूंकडे काहीतरी मौल्यवान असावे लागते आणि प्रत्येक बाजूला आपल्या तत्त्वाची किंमत चुकवावी लागते. ती किंमत कोण मोजतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

याचे सर्वांत बारकाईने रचलेले उदाहरण जपानी लेखक योशिकी तानाका यांच्या ‘लेजेंड ऑफ द गॅलेक्टिक हीरोज’ या दहा खंडांच्या कादंबरीमालेत (१९८२–८७) सापडते. तिच्यावर आधारित ११० भागांची ॲनिमेशन मालिका १९८८ ते १९९७ या काळात निघाली. एका बाजूला सरदारांनी पोखरलेले आकाशगंगेचे साम्राज्य आहे, दुसऱ्या बाजूला त्यातून पळालेल्यांच्या वंशजांनी वसवलेले लोकशाही राष्ट्र, स्वतंत्र ग्रहांची आघाडी. तानाकांची खोच अशी की साम्राज्याचा नवा सूत्रधार राइनहार्ड कर्तबगार आणि सुधारणावादी आहे, तर आघाडीचे सरकार दिवसेंदिवस नासत चालले आहे. शिवाय साम्राज्याचा संस्थापक रुडॉल्फ हाही लोकांनीच निवडून दिलेला होता. बंडखोरांच्या हाती निखळ सद्गुण आणि साम्राज्याच्या हाती निखळ दुर्गुण, अशी सोय लेखक ठेवतच नाही.

आघाडीचे नासणे कोठून दिसते? निवडणूक जवळ आल्यावर सत्ताधाऱ्यांना लोकप्रियता वाढवण्यासाठी एक मोठा विजय हवा असतो, म्हणून साम्राज्यावर स्वारीचा ठराव मंजूर होतो. तीन कोटींहून अधिक सैनिक रवाना होतात. राइनहार्ड सीमेवरच्या ग्रहांवरचे धान्य आधीच उचलून नेतो. लोकांना ‘मुक्त’ करायला आलेल्या सैन्यावर त्यांनाच जेवू घालण्याची वेळ येते, रसद तुटते, आणि मग तेच सैन्य लोकांकडून धान्य हिसकावू लागते. मुक्तिदात्याचा लुटारू होतो, तोही कोणा खलनायकामुळे नव्हे, तर हिशेबाच्या चुकीमुळे. ठरावाच्या वेळी युद्धखोर भाषणे करणारा संरक्षणप्रमुख ट्रूनिश्त मात्र विरोधात मत देतो, कारण पराभवानंतर तोच पुढे येणार असतो. मतदान चोख झालेले असते. निकाल मात्र भयानक लागतो.

आता दुसऱ्या बाजूची किंमत. सरदारांविरुद्धच्या यादवीत सरदारांचा म्होरक्या ड्यूक ब्राउनश्वाइग वेस्टरलँड या बंडखोर ग्रहावर अणुहल्ल्याचा हुकूम देतो. तेथे वीस लाख लोक राहतात. राइनहार्डच्या गोटाला ही बातमी आधीच कळते. त्याचा सल्लागार ओबरश्टाइन सांगतो की हल्ला होऊ द्यावा, त्याचे चित्रण करावे आणि ते सर्वत्र दाखवावे. सरदारांची उरलीसुरली साख संपेल, युद्ध लवकर आटोपेल आणि एकूण कमी माणसे मरतील. हल्ला थांबत नाही. हिशेब बरोबरही निघतो. तरी राइनहार्डचा बालमित्र किरशाइस त्याला जाब विचारतो, दोघांत दुरावा येतो, आणि त्यापायी किरशाइसला राइनहार्डसमोर शस्त्र बाळगण्याची दिलेली सवलत काढून घेतली जाते. थोड्याच काळात मारेकरी समोर येतो, निःशस्त्र किरशाइस राइनहार्डला वाचवताना मरतो. विचारसरणीचा दोष लेखक भाषणातून सांगत नाही. शस्त्र काढून घेण्याच्या एका छोट्या निर्णयातून तो उभा राहतो, म्हणून हा भाग कोणत्याही अणुस्फोटापेक्षा जास्त बोचतो.

पेचाचे टोक येते व्हर्मिलियनच्या लढाईत. आघाडीचा सेनापती यांग वेनली राइनहार्डच्या जहाजापर्यंत पोहोचलेला असतो. एक इशारा, की साम्राज्याचा कणा मोडला. त्याच वेळी राइनहार्डचे दोन सेनानी आघाडीची राजधानी गाठतात आणि ट्रूनिश्त शरणागती पत्करतो. यांगला युद्ध थांबवण्याचा हुकूम येतो. हुकूम मानू नका, गोळीबार करा, असे त्याचा सहकारी शोनकोप्फ त्याला सुचवतो. हुकूम देणारे सरकार भ्रष्ट आहे आणि आता तर भ्याडही ठरले आहे. पण आपल्याला पटत नाही म्हणून सेनापतीने निवडून आलेल्या सरकारचा हुकूम मोडला, तर तो स्वतःच रुडॉल्फच्या वाटेला लागतो. यांग तोफा थांबवतो. लोकशाही वाचवायची तर लोकशाही मोडावी लागेल आणि न मोडावी तर ती हरेल, अशी कोंडी येथे पूर्ण होते. पुढे राइनहार्डशी बोलताना यांग जे म्हणतो, त्याचा आशय असा की एकाधिकारशाहीचे पाप हे की वाईट कारभाराचा दोष लोकांना दुसऱ्यावर ढकलता येतो.

ही रचना फसते तेव्हाही तिची खूण चटकन सापडते. काही कथा साम्राज्याला ‘गुंतागुंतीचे’ करू पाहतात, पण शेवटच्या प्रकरणात बंडखोरांपैकी एखाद्या माथेफिरूच्या हातून हत्याकांड घडवतात. दोघेही सारखेच, असा निष्कर्ष फुकटात मिळतो आणि विचारसरणीचा प्रश्न बाजूला पडतो. तपासायची कसोटी सोपी आहे. त्या माथेफिरूला कथेतून वगळून पाहावे. बंडाच्या तत्त्वातच काही अडचण उरते का? यांगच्या बाबतीत उरते, कारण त्याला अडवतो तो कोणी माणूस नव्हे, त्याचेच तत्त्व.

याउलट ‘स्टार वॉर्स’च्याच विश्वातल्या ‘अँडोर’ (२०२२–२५) या मालिकेने बंडाच्या तत्त्वातलीच अडचण शोधली. साम्राज्याच्या गुप्तचर खात्यातला आपला माणूस उघडा पडू नये म्हणून लुथेन हा सूत्रधार क्रीगर नावाच्या बंडखोराच्या तुकडीला सापळ्यात जाऊ देतो. हा हिशेब ओबरश्टाइनचाच, फक्त आकडा लहान आणि बाजू उलटी.

तानाकांच्या कथेत शेवटी कोणीच पूर्ण जिंकत नाही. वाटाघाटीला जाताना यांगची हत्या होते आणि त्याचा मानसपुत्र जुलियन उरलेले मूठभर सैन्य सांभाळतो. इझरलोन हा अभेद्य किल्ला परत देण्याच्या बदल्यात त्याला एकाच तारामंडळाची, आघाडीच्या जुन्या राजधानीच्या परिसराची, स्वायत्तता मिळते. आता सम्राट झालेल्या, मृत्यूशय्येवरच्या राइनहार्डपुढे तो एक सूचनाही मांडतो: साम्राज्याला राज्यघटना आणि संसद द्यावी.