रजोनिवृत्ती आणि दांपत्यजीवन (मराठवाड्यातील ‘पिशवी काढण्या’च्या संदर्भात)

मासिक पाळी सलग १२ महिने न येणे, या अवस्थेस रजोनिवृत्ती म्हणतात. बोलीत तिला ‘पाळी जाणे’ असे म्हटले जाते. अंडाशयांतून होणारी इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती ओसरल्याने योनिमार्ग, मूत्रमार्ग, झोप आणि कामेच्छा यांत जे बदल होतात, त्यांचा पतिपत्नींच्या जवळिकीवर होणारा परिणाम हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. मराठवाड्यात, त्यातही बीड जिल्ह्यात, गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया (‘पिशवी काढणे’) तरुण वयात झालेल्या स्त्रियांची संख्या मोठी असल्याने येथे त्या प्रकाराचा विचार विस्ताराने केला आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षी सुरू होते व पन्नाशीला क्षीण होते, असे म्हटले आहे. संहितेचा काळ अभ्यासकांत वादग्रस्त आहे; तथापि ही वयोमर्यादा प्रत्यक्ष निरीक्षणावर बेतलेली असावी. आधुनिक भारतीय पाहण्यांत नैसर्गिक रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षांच्या आसपास आढळते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये मात्र हा प्रश्न तिशीतच उभा राहिल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. त्या वर्षी राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे ऊसतोडीतील खाड्याचा दंड, मुकादमाची उचल, अंगावरून पांढरे जाण्यावर दाखवली जाणारी कर्करोगाची भीती आणि खासगी दवाखान्यांचा आर्थिक हितसंबंध यांपैकी कशाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. कोणतेही एकच कारण पुरेसे वाटत नाही.

गर्भाशय काढले म्हणजे रजोनिवृत्ती झाली काय, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटला तरी दांपत्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. पाळी दोन्ही प्रकारांत थांबते. परंतु केवळ गर्भाशय काढले आणि अंडाशय ठेवले, तर इस्ट्रोजेन तयार होत राहते आणि स्त्रीला पुढील काही वर्षे ना अंगातून उष्णतेचे कढ येतात ना योनीत कोरडेपणा जाणवतो. अशा स्त्रियांत खरी रजोनिवृत्ती काही अभ्यासांनुसार इतरांपेक्षा दोन ते चार वर्षे आधी येते. शस्त्रक्रियेत अंडाशयाचा रक्तपुरवठा घटतो हे त्याचे एक कारण सांगतात. ज्या आजारामुळे शस्त्रक्रिया झाली, तोच कारणीभूत असावा, असे दुसरे मत आहे. पहिले मत अधिक प्रचलित असले तरी दोन्ही कारणे एकत्र असणे अशक्य नाही. दोन्ही अंडाशय काढले असतील, तर चित्र अगदी वेगळे असते. नैसर्गिकरीत्या काही वर्षांत होणारी घट येथे दोनतीन दिवसांत होते आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉनही जवळपास निम्म्यावर येते. रात्री घामाने जाग येणे, चिडचिड, समागमात आग होणे ही लक्षणे टाके निघायच्या सुमारासच सुरू होतात. आपले नेमके काय काढले, हे अनेक स्त्रियांना सांगितलेले नसते. जुने डिस्चार्ज कार्ड जपून ठेवले असल्यास त्यावरील ‘बीएसओ’ ही अक्षरे दोन्ही अंडाशय व बीजवाहिन्या काढल्याची खूण असते. कार्ड नसेल, तर सोनोग्राफी आणि रक्तातील एफएसएच या संप्रेरकाची पातळी यांवरून अंदाज करता येतो.

इस्ट्रोजेन घटल्यावर योनीचे अस्तर पातळ होते, लवचीकपणा व ओलावा कमी होतो, आणि आम्लता घटल्याने जंतुसंसर्ग व लघवीची जळजळ वारंवार होते. या अवस्थेस पूर्वी ‘योनिक्षय’ अशा अर्थाची संज्ञा होती. ती अपमानकारक आणि अपुरी असल्याचे म्हणत २०१४ मध्ये दोन वैद्यकीय संस्थांनी मूत्रमार्गाचा समावेश असलेली नवी संज्ञा स्वीकारली. कढ येणे बहुधा काही वर्षांत आपोआप कमी होते. कोरडेपणा मात्र उपचाराविना वाढतच जातो. हा फरक ठाऊक नसल्याने ‘थोडे दिवस सोसा, जाईल’ असा सल्ला दिला जातो.

कामेच्छेबाबत दोन मते आहेत. जुन्या मांडणीनुसार आधी इच्छा, मग उत्तेजना व नंतर समागम असा क्रम असतो. २००० साली रोझमेरी बॅसन यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार दीर्घकाळ संसार केलेल्या स्त्रियांत इच्छा बऱ्याचदा आधी नसते; जवळीक व स्पर्श सुरू झाल्यावर ती मागाहून जागी होते. उतारवयाच्या संदर्भात दुसरी मांडणी अधिक उपयुक्त ठरते, कारण ‘मला आता काही वाटत नाही’ या वाक्याचा अर्थ त्यामुळे बदलतो. तथापि स्पर्शाचा शेवट दरवेळी वेदनेत होणार असेल, तर ही मागाहून येणारी इच्छाही येत नाही आणि ओटीपोटाचे स्नायू आधीच आवळले जातात. म्हणून वेदना आधी आली की नावड आधी आली, हा चिकित्सेतील पहिला प्रश्न असतो.

पतीच्या बाजूने या वयात मधुमेह हा नेहमी आढळणारा अडथळा होय. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात, त्यामुळे इच्छा शाबूत असूनही ताठरता येत नाही. रक्तदाबाची काही औषधे, दारू व तंबाखू यांची त्यात भर पडते. ताठरता कमी होणे हे हृदयविकाराचे काही वर्षे आधीचे लक्षण असू शकते, त्यामुळे त्याची तपासणी केवळ समागमासाठी नसते.

एका प्रातिनिधिक उदाहरणावरून दोन्ही बाजू कशा गुंततात हे दिसते. केज तालुक्यातील एक जोडपे १४ हंगाम एकच ‘कोयता’ म्हणून (पतिपत्नीच्या जोडीला ऊसतोडीत हीच संज्ञा आहे) कारखान्यावर जात असे. पत्नीची पिशवी ३५व्या वर्षी काढली. आता ती ४३ वर्षांची, पती ४९ वर्षांचा आणि ९ वर्षांपासून मधुमेही आहे. शस्त्रक्रियेनंतर समागमात आग होऊ लागल्याने ती टाळाटाळ करू लागली. ‘पिशवी काढलेल्या बाईत काही उरत नाही’ हा समज पतीने खरा मानला. पुढे त्याची ताठरता कमी झाली तेव्हा त्याने स्वतःच माळवदावर झोपायला सुरुवात केली, आणि पत्नीने त्याचा अर्थ ‘मी नकोशी झाले’ असा घेतला. चार वर्षे दोघांनी एकमेकांना काही विचारले नाही. वारंवार होणाऱ्या लघवीच्या जळजळीसाठी ती अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेली, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ‘बीएसओ’ सापडले.

डॉक्टरांनी प्रथम सहा आठवडे समागम थांबवण्यास सांगितले. ही मनाई म्हणजे उपचाराचाच भाग होता, कारण वेदनेची भीती त्याशिवाय सुटत नाही. इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्या प्रकाराचे मलम दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा योनीत लावायचे होते. अशा मलमाचा परिणाम दिसण्यास काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, आणि ते थांबवल्यास कोरडेपणा परत येतो. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून ट्यूब टाकून देणे ही येथील नेहमीची चूक आहे. याच काळात जोडप्याने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, केवळ पाठ, हात, पाय यांना स्पर्श करायचा, पहिले दोन आठवडे स्तन व जननेंद्रिये वगळायची आणि काय बरे वाटले ते तेवढे बोलायचे, असे ठरले. ही पद्धत मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडली. तिचे मर्म असे की, समागम होणारच नाही हे ठरलेले असल्याने पत्नीला वेदनेची आणि पतीला ‘जमेल का’ याची धास्ती उरत नाही. पतीची तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून औषध बदलण्यात आले आणि छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी तो घेत नाही याची खात्री करून ताठरतेसाठी सिल्डेनाफिल ही गोळी देण्यात आली. (ही दोन औषधे एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो, मेडिकलमधून परस्पर गोळी आणणाऱ्यांना हे सांगणारे कोणी नसते.) पहिल्या वेळी त्याने मटणाच्या जेवणानंतर लगेच गोळी घेतली आणि ती लागू पडली नाही, तेलकट जेवणाने तिचा परिणाम लांबतो व मंदावतो. दुसऱ्या खेपेस रिकाम्या पोटी, तासभर आधी घेतल्यावर फरक पडला. स्पर्शाविना ही गोळी स्वतःहून काही करत नाही, हेही त्यांना तेव्हाच कळले.

सातव्या आठवड्यात पाण्यावर आधारित वंगण वापरून, पत्नी वरच्या बाजूला राहील अशा रीतीने, म्हणजे खोली व वेग तिच्या हाती ठेवून, समागम झाला. थोडी आग झाली. वेदना झाली नाही. (घरगुती खोबरेल तेलही वंगण म्हणून चालते, मात्र त्याने निरोध फाटू शकतो.) तीन महिन्यांनंतर समागम महिन्यातून एकदोनदा होत असे, पूर्वीची उत्कटता पत्नीला परत जाणवली नाही, परंतु पती माळवदावरून घरात झोपायला आला. या जोडप्यापुरते एवढ्यावर दोघांचे समाधान झाले.

या स्त्रीला पस्तिशीतच पोटात घ्यावयाचे इस्ट्रोजेन सुरू व्हायला हवे होते. अंडाशय ४५च्या आत काढले असल्यास, विशिष्ट मनाई नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असेच आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. गर्भाशय नसल्याने सोबत प्रोजेस्टेरॉनची गरजही नसते. २००२ मध्ये संप्रेरकांच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचा भाग धोक्यांमुळे थांबवला गेल्यापासून डॉक्टरही इस्ट्रोजेन लिहिण्यास बिचकतात. परंतु त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि तिचे निष्कर्ष पस्तिशीच्या स्त्रीला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास मात्र मलमाबाबतही कर्करोगतज्ज्ञाचे मत आधी घ्यावे लागते.

जागेचा प्रश्न वैद्यकीय ग्रंथांत सहसा येत नाही. फडावरच्या कोपीत आडोसा नसतो. गावी परतल्यावर घरात मुलगा, सून आणि नातवंडे असतात, आणि सून आल्यावर सासूने नवऱ्याजवळ झोपणे अनेक घरांत लाजिरवाणे मानले जाते. काही माळकरी घरांत संयमाचे व्रत मनापासून पाळले जाते. काही ठिकाणी ते न बोललेल्या वेदनेवरचे पांघरूणही असते. दोहोंतला फरक व्रत दोघांनी मिळून घेतले की एकानेच, यावरून ओळखता येतो. स्पर्शाच्या सरावासाठी दुपारची, घर रिकामे असण्याची वेळ सोयीची पडते, आणि रात्री घामामुळे झोप न झालेल्या स्त्रीलाही ती मानवते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर समागम सहसा सुरक्षित मानतात. पक्षाघातानंतर कुशीवर झोपून, दुबळी बाजू उशीने टेकवून घेणे सोपे जाते. नैराश्यावरील काही गोळ्यांनी इच्छा मंदावते. त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

पाळी गेल्यानंतर समागमात किंवा एरवी रक्त दिसणे हे कोरडेपणाचे लक्षण समजून घरी थांबू नये. गर्भाशय काढताना त्याचे मुख मागे ठेवले असल्यास तेथे कर्करोग होऊ शकतो. मराठवाड्यातीलच तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने, एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटतात, हे दाखवून दिले.