‘केळी’ एकवचन की अनेकवचन?

‘शब्द ईकारान्त म्हणजे स्त्रीलिंगी, आणि नदीचं नद्या होतं, मग केळीचं केळ्या का नाही?’

शेवटी ‘ई’ दिसली की स्त्रीलिंग, हा समज सांगलीत मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण हत्ती पुल्लिंगी आहे, पाणी, दही, लोणी नपुंसकलिंगी. आणि फळांची ‘केळी’ हे एकवचन नाहीच. एक केळं, दोन केळी; जसं तळं-तळी, गाणं-गाणी, अंडं-अंडी, रताळं-रताळी. लिखाणात केळे. बोलताना काहीजण फळाला ‘केळ’ही म्हणतात, पण तेही ‘ते केळ’.

गोंधळाचं खरं मूळ झाडात आहे. झाड ती केळ, अनेकवचन केळी. म्हणजे दोन्हींची अनेकवचनं एकसारखीच दिसतात. ओळखायचं कसं? शब्दाआधी सर्वनाम लावून बघा. परड्यातली झाडं असतील तर ‘त्या केळी पडल्या’, टोपलीतली फळं असतील तर ‘ती केळी पिकली’.

प्रत्यय लावला की फरक आणखी उघडा पडतो. केळीचं पान, पण केळ्याची साल. केळीला घड लागला, पण केळ्याला डाग पडला. अनेक झाडं असतील तर ‘केळींना पाणी दिलं’, अनेक फळं असतील तर ‘केळ्यांना भाव आला’. ‘केळ्या’ हे रूप मराठीत आहे, ते फक्त असं प्रत्ययाआधी येतं. म्हणून मिरजेच्या बाजारात ‘डझनभर केळी द्या’ हेच बरोबर, आणि एकच हवं असेल तर ‘एक केळं’.