चेहरा झाकला की खेळ सुरू होतो

उन्हाळी शिबिरातला आठ वर्षांचा एक मुलगा चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीत एकच शब्द आहे, ‘भीती’. तो भिडूंसमोर उभा राहतो, डोळे मोठे करतो, भुवया वर नेतो आणि तोंड उघडतो. समोरून एकच ओरडा होतो, ‘आश्चर्य!’ तो जोरजोरात मान हलवून नाही म्हणतो आणि डोळे आणखी मोठे करतो. आता उत्तर येतं, ‘खूप आश्चर्य!’ शेवटी चिठ्ठी वाचली जाते आणि तो रडवेला होऊन म्हणतो, ‘एवढं सोपं होतं! तुम्हाला दिसत कसं नाही?’

सिनेमाच्या नावांचा दमशराज आपल्याकडे घरोघरी खेळला जातो. मी मुलांबरोबर तोच खेळ भावनांच्या चिठ्ठ्या घेऊन खेळते. त्यात या मुलाचं वाक्य मला जवळजवळ रोज ऐकू येतं, आणि खेळाचा सगळा उपयोग मला त्याच वाक्यात सापडतो. आतून जे लख्ख जाणवतं ते बाहेरच्यालाही तितकंच लख्ख दिसत असणार, असं आपण धरून चालतो. मोठी माणसंसुद्धा यातून सुटत नाहीत. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची लय बोटांनी टेबलावर वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू होतं, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडत होती.

रुसून बसलेल्या मुलाचंही असंच होतं. आपण दुखावलोय हे आईला दिसतच असणार, तरी ती विचारत नाही, म्हणून त्याचा रुसवा वाढत जातो. ‘मी दाखवलं’ आणि ‘तिला दिसलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला बोलून समजावणं फार अवघड आहे. खेळात चुकीचं उत्तर आलं की तेच त्याला एका क्षणात कळतं.

मग भीतीचं आश्चर्य का झालं? दोन्ही भावनांत भुवया वर जातात आणि डोळे विस्फारतात. भीतीत भुवया एकमेकींकडे ओढल्या जातात आणि ओठ बाजूला ताणले जातात, पण हे फरक इतके बारीक आहेत की मोठ्यांचीही गफलत होते. मुलाने तेच डोळे आणखी मोठे केले तेव्हा त्याने खरं तर चुकीची खूणच ठळक केली.

चेहऱ्यावर आपला फाजील विश्वास असतो. हिलेल अविएझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात टेनिसपटूंच्या छायाचित्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. महत्त्वाचा गुण जिंकल्याच्या किंवा हरल्याच्या क्षणी टिपलेली ती छायाचित्रं होती. काही लोकांना नुसता चेहरा दाखवला, काहींना चेहरा वगळून नुसतं शरीर, आणि काहींना दोन्ही. नुसता चेहरा पाहणाऱ्यांना जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, हे सांगता आलं नाही. नुसतं शरीर पाहणाऱ्यांना ते नीट जमलं. जिंकलेल्याचा चेहरा हरलेल्याच्या धडावर बसवला, तर लोकांना तो चेहराही हरलेलाच वाटला. आपण चेहऱ्यावरून ओळखतोय, अशी मात्र त्यांची समजूत होती.

अर्थात, हे भावनेच्या टोकाच्या क्षणांबद्दलचं आहे. रोजच्या साध्या हसण्या-रुसण्यात चेहरा पुष्कळ काही सांगतो. पण मुलांना शरीराकडे बघायला शिकवायचं तर चेहरा काही वेळ बाजूला ठेवावा लागतो, म्हणून मी तो झाकते. कागदी डिशला डोळ्यांपुरती दोन मोठी भोकं, मागे रबर, आणि डिशवर नाक-तोंड काही काढायचं नाही. ही युक्ती माझी नाही. फ्रान्समध्ये जाक कोपो आणि पुढे जाक लकॉक यांनी नटांच्या शिक्षणात असेच भावहीन मुखवटे वापरले. कोपोंबद्दल सांगतात, की तालमीत एक नटी संकोचून जागच्या जागी थिजली तेव्हा त्यांनी तिच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला, आणि तिचं शरीर मोकळं झालं. लाजऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. मुखवटा चढवला की हात आपोआप हलू लागतात.

‘भीती’वर अडलेल्या त्या मुलाला डिश बांधून पुन्हा उभं केलं. आता चेहऱ्याचा उपयोग नव्हता. तो थोडा वेळ नुसता उभा राहिला, मग त्याचे खांदे वर गेले, हात छातीशी आले आणि त्याने एक पाऊल मागे टाकलं. ‘घाबरला!’ असं तीन-चार जण एकदम म्हणाले. कशावरून, असं विचारलं तेव्हा एक छोटी म्हणाली, ‘तो मागे गेला. आश्चर्य वाटलं असतं तर तिथेच थांबला असता.’

शरीरावरून भावना ओळखणं वयानुसार टप्प्याटप्प्याने येतं. आर. थॉमस बून आणि जोसेफ कनिंगहॅम यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना भावना व्यक्त करणारे नाच दाखवले. चार वर्षांच्या मुलांना फक्त दुःख ओळखता आलं. पाच वर्षांच्यांना दुःखाबरोबर भीती आणि आनंदही जमला. राग ओळखणं आठव्या वर्षापर्यंत आलेलं होतं. चार वर्षांच्या मुलाला ‘बाबा चिडलेत, दिसत नाही का?’ असं विचारण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्याला कदाचित खरंच दिसत नसतं. या संशोधकांनी पाहिलेल्या खुणा खेळातही कामाला येतात: हात किती वेळा वर जातात, अंगाशी किती वेळ राहतात, स्नायू किती ताणलेले आहेत, माणूस किती वेळ पुढे झुकलेला असतो, दिशा आणि लय किती वेळा बदलते. मुलांना हे शब्द सांगायची गरज नाही. ‘हात कुठे होते?’ आणि ‘चाल एकसारखी होती की मध्येच बदलली?’ एवढे दोन प्रश्न पुरतात.

सात वर्षांपुढच्या मुलांसाठी मी दोन वाट्या ठेवते. एकीत कामाच्या चिठ्ठ्या असतात: दार वाजवणं, दप्तर भरणं, पेल्यातलं पाणी पिणं. दुसरीत भावनेचं नुसतं नाव लिहीत नाही, प्रसंग लिहिते. खऱ्या आयुष्यात कोणी कमरेवर हात ठेवून ‘राग’ दाखवत उभं राहत नाही. माणूस काहीतरी करत असतो आणि भावना त्या करण्यात उतरते.

एका मुलीला ‘पाणी पिणं’ आणि ‘भावाने तुझी वही फाडली’ अशा चिठ्ठ्या मिळाल्या. पहिल्या खेपेला तिने दोन्ही मुठी आवळल्या आणि पाय आपटला. उत्तर लगेच बरोबर आलं, पण एकाने विचारलं, ‘पेला कुठे गेला?’ दुसऱ्या खेपेला तिने पेला घट्ट धरला, एक घोट घेतला आणि पेला आपटून ठेवला. आता उत्तरं फुटली. कोणी राग म्हणालं, कोणी घाई. ‘राग कशावरून?’ ‘तिने पेला आपटला.’ ‘शाळेची बस आली की मीपण आपटतो,’ दुसरा म्हणाला. दोघांचं बरोबर होतं. मग घाईतलं आपटणं आणि रागातलं आपटणं यात फरक काय, यावर दहा मिनिटं चर्चा चालली. घाईत पेला टेकण्याआधीच अंग दाराकडे वळलेलं असतं, रागात हात पेल्यावरच राहतो, असं मुलांनीच शोधून काढलं. तिसऱ्या खेपेला तिने पेला ठेवला आणि बोटं त्याच्याभोवती तशीच आवळून धरली. सगळे गप्प झाले.

‘पेला कुठे गेला?’ हा प्रश्न लहानांना मात्र विचारू नये. तीन-चार वर्षांचं मूल दात घासायची नक्कल करताना बोटालाच ब्रश करतं. अदृश्य ब्रश मुठीत धरणं पुढच्या काही वर्षांत हळूहळू येतं, हे विलिस ओव्हरटन आणि जोसेफ जॅक्सन यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं. ती चूक नव्हे, वाढीचा टप्पा आहे.

खेळ बिघडतो तो बहुधा घड्याळ आणि गुणांमुळे. वेळ लावली की मुलं ठराविक खुणांवर येतात. राग म्हणजे मुठी, दुःख म्हणजे डोळे पुसणं. उत्तर लवकर येतं, पण बघणं थांबतं. दुसरा धोका याहून मोठा आहे. ‘हाताची घडी म्हणजे राग’ असा शब्दकोश मुलाच्या डोक्यात बसला, तर थंडी वाजत असलेला मित्रही त्याला रागावलेला वाटेल. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये चेहऱ्यावरच्या हावभावांच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. एकच भावना वेगवेगळी माणसं आणि वेगवेगळे प्रसंग वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवतात, आणि एकाच हावभावामागे निरनिराळ्या भावना असू शकतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं. म्हणून बरोबर उत्तर आल्यावरही मी विचारते, ‘आणखी काय असू शकेल?’

स्वमग्न मुलं गटात असतील तेव्हा हे जास्तच जपावं लागतं. त्यांच्या हालचालींची धाटणी वेगळी असू शकते. ती इतरांना वाचता आली नाही, तर दोष नेहमी दाखवणाऱ्याकडे जाऊ नये. तो मुलगा आनंदात काय करतो, हे शिकायची पाळी कधीकधी भिडूंची असते.

अशा खेळांनी नेमकं काय बदलतं? थालिया गोल्डस्टाइन आणि मॅथ्यू लर्नर यांनी 2018 मध्ये चार वर्षांच्या 97 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलं आठ आठवडे नाट्यखेळ खेळली, काही ठोकळे रचत होती, काही गोष्टी ऐकत होती. दुसऱ्याला त्रासात पाहून स्वतःच सैरभैर होणं नाट्यखेळ खेळलेल्या मुलांत कमी झालं, आणि स्वतःच्या भावनांवरचा ताबा वाढला. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं किंवा मदतीला धावून जाणं मात्र वाढल्याचं दिसलं नाही. मला हा निकाल पटतो. राग अंगावर चढवायचा, पाळी संपली की हातपाय झटकून तो उतरवायचा, याचा सराव खेळात थेट होतो. शरीर वाचण्याचा सराव प्रत्येक वेळी ‘कशावरून?’ विचारलं तरच होतो, असा माझा अनुभव आहे, आणि तोही सावकाश.

शेवटची फेरी फक्त आठ वर्षांपुढच्यांची. चिठ्ठीत लिहिलेलं असतं: मावशीने वाढदिवसाची भेट दिली, तुला मुळीच आवडली नाही, मावशी समोरच उभी आहे. या वेळी मुखवटा काढायचा. चेहऱ्यावर हसू आणायचंच आहे, आणि भिडूंनी ते सोडून बाकी सगळ्याकडे बघायचं. गेल्या खेपेला त्या वहीवाल्या मुलीवर राज्य आलं. तिने छान हसून अदृश्य खोकं उघडलं, मान डोलावली, ‘थँक्यू’चे ओठ हलवले. तिच्या भावाने, तोही गटात होता, हात वर केला. ‘आवडली नाही तिला,’ तो म्हणाला. ‘झाकण लगेच परत लावलं.’