एकशेदहाच्या पुढचे वय कसे पडताळतात

वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरी आजींचे वय 113 सांगितले जाते, तेव्हा पुरावा म्हणून बहुधा आधार कार्ड दाखवले जाते. त्यावरची जन्मतारीख मात्र पुष्कळदा आजींच्या उतारवयात, घरच्यांच्या सांगण्यावरून लिहिलेली असते. जे सिद्ध करायचे तेच तिथे पुन्हा उतरलेले असल्यामुळे वयाची पडताळणी करणारे अभ्यासक ते ग्राह्य धरत नाहीत. यात कुटुंबाच्या प्रामाणिकपणावर शंका नसते. शंकेचे कारण आकड्यांत आहे.

शंभरी गाठलेल्या साधारण हजारांत एखादीच व्यक्ती एकशेदहाव्या वर्षापर्यंत पोहोचते, आणि तिथून पुढे दरवर्षी जवळजवळ निम्मी माणसे जातात. हिशेबासाठी नव्वद वर्षांची 1 लाख माणसे घेऊ. त्यांतली फार तर 10 हजार शंभरी पाहतील आणि 10 जण एकशेदहाव्या वर्षात असतील. आता या लाखात हजारी एकाच्याच कागदावर वय 20 वर्षांनी वाढलेले आहे असे धरले, तरी 100 माणसे कागदोपत्री आजच 110 वर्षांची ठरतात. हजारातल्या 999 नोंदी बरोबर असूनही या वयोगटात 10 खऱ्यांसमोर 100 चुकीच्या नोंदी उभ्या राहतात. शिवाय चुकीच्या नोंदींतली माणसे शरीराने नव्वदीचीच असल्यामुळे ती खऱ्यांच्या मानाने सावकाश घटतात, म्हणून 115 किंवा 118 पर्यंत जावे तसा चुकांचा वाटा आणखी वाढत जातो. संशोधक सॉल न्यूमन यांनी 2019 मध्ये अमेरिकेतील नोंदी तपासल्या, तेव्हा राज्याराज्यांत जन्मनोंदणी सुरू झाल्यानंतर एकशेदहा वर्षांवरच्या व्यक्तींच्या नोंदी 69 ते 82 टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. जिथे जन्माचा कागद झाला, तिथे असे अतिदीर्घायुषी दिसेनासे झाले.

मग आजींचे वय तपासायचे कसे? पहिली तपासणी घरातच होते, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी आहे. 2025 मध्ये 113 म्हणजे जन्म 1912 चा. समजा, थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 1949 आणि धाकटीच्या दाखल्यावर 1963 आहे. याचा अर्थ आजींना पहिले मूल 37 व्या आणि शेवटचे 51 व्या वर्षी झाले. ज्या काळी मुलींची लग्ने चौदा-पंधराव्या वर्षी लागत, त्या काळासाठी पहिला आकडा विचित्र आहे आणि दुसरा निसर्गतः जवळजवळ अशक्य. जन्म 1930 च्या सुमाराचा मानला, तर हीच वये 19 आणि 33 होतात आणि सगळे सरळ जुळते. मुलांच्या दाखल्यांतही वर्ष-दोन वर्षांचा फरक असतो, पण अठरा वर्षांची तफावत त्याने भरून निघत नाही.

ही तपासणी पार पडली, तर जन्माच्या जवळच्या काळातला कागद शोधावा लागतो. आपल्याकडे अनेक घरांत जन्मपत्रिका जपून ठेवलेली असते आणि ती वाटते त्यापेक्षा बरेच काही सांगते. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत आणि गुरू सुमारे बारा वर्षांत राशिचक्र पुरे करतो, म्हणून दोघांची जोडी पूर्वीच्या जागी परतायला साधारण साठ वर्षे लागतात. पत्रिकेतली ग्रहस्थिती 1912 ची आहे की 1930 ची, हे त्यामुळे गणिताने ठरवता येते. मात्र पत्रिका जुन्या पंचांगावरून नंतरही मांडता येते, आणि ती खरी असली तरी एवढेच सांगते की त्या वेळी कोणाचा तरी जन्म झाला. ती व्यक्ती म्हणजे याच आजी, हे वेगळे दाखवावे लागते.

जपानचे शिगेचियो इझुमी यांच्याबाबत अडचण इथेच आली. 1986 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय 120 मानले गेले होते. पुढे असा संशय व्यक्त झाला की 1865 ची नोंद त्यांच्या मोठ्या भावाची असावी, तो लहानपणीच गेल्यावर तेच नाव यांना मिळाले असावे, आणि खरे वय 105 च्या आसपास असावे. गिनीजने अखेर त्यांचा विक्रम मागे घेतला. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला ठेवण्याची पद्धत आपल्यालाही परकी नाही. मराठी घरांत तर लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पहिले नावही बदलत असे, आणि एकशेदहाच्या पुढे जगणाऱ्यांत स्त्रियांचेच प्रमाण फार मोठे आहे.

म्हणून जन्मकाळचा, लग्नाच्या सुमाराचा आणि आजचा असे कागद एकमेकांना जोडलेले असावे लागतात. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले, त्यामुळे 1912 मध्ये जन्मलेल्या मुलीचे नाव वडिलांच्या नावासह शाळेच्या पटावर सापडण्याची शक्यता इथे इतर अनेक प्रांतांपेक्षा अधिक आहे. त्या पटावरील नाव सासरच्या नावाशी जोडणारा एखादा वारसदाखला किंवा लग्नपत्रिका मिळाली, तर साखळी पुरी होते. एक दुवा तुटला, तर वय अप्रमाणित राहते. ते खोटे ठरत नाही, पण विक्रमांच्या यादीत धरले जात नाही.