लेबल गेलेल्या पाच बाटल्या

पावसाळा संपत आला की कोल्हापुरातल्या बहुतेक कॉलेजांच्या केमिस्ट्री स्टोअरमध्ये एक काम हमखास निघतं. ओल धरून लेबलं सुटलेली असतात. कागद कपाटाच्या तळाशी सापडतो, पण तो कुठल्या बाटलीचा हे कोणालाच सांगता येत नाही. समजा, अशा पाच बाटल्या टेबलावर आल्या. पाचही द्रव पाण्यासारखे नितळ, पाचही ज्वालाग्राही आणि थेंबभर घेऊन पाण्यात टाकले तर पाचही विरघळणारे. स्टॉक रजिस्टरवरून एवढंच कळतं की यात ॲसिटोन, प्रोपिऑनाल्डिहाइड, एन-प्रोपिल अल्कोहोल, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टर्शरी ब्युटिल अल्कोहोल आहे. कुठल्या बाटलीत काय, ते आपण शोधायचं.

“वासावरनं सांगतो की सर,” असं लॅबचे मामा म्हणणारच. “ही नेलपॉलिश काढायची, ही सॅनिटायझरची.” मामांचं नाक बऱ्याचदा बरोबरही असतं. पण वासाच्या भरवशावर लेबल चिकटवता येत नाही, आणि अनोळखी बाटलीला नाक लावायची सवय चांगली नाही. मग उत्कलनबिंदू काढावा का? तिथे एक गंमत आहे. आयसोप्रोपिल आणि टर्शरी ब्युटिल, दोन्ही अल्कोहोल ८२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतात. साध्या थर्मामीटरने ती वेगळी काढणं अवघड. थंडीच्या दिवसांत मात्र टर्शरी ब्युटिल स्वतःच चुगली करतं, कारण ते साधारण २५ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या सकाळी एखादी बाटली आतून घट्ट झालेली दिसली तर संशय घ्यायला हरकत नाही. पण त्यात थोडं पाणी शिरलेलं असेल तर ते गोठत नाही, म्हणून हाही पुरावा पक्का नव्हे.

पक्क्या पुराव्यासाठी तीन जुन्या चाचण्या पुरतात: चांदीचा आरसा, आयोडोफॉर्म आणि ल्युकास. यातली एकही चाचणी पदार्थाचं नाव सांगत नाही. प्रत्येक चाचणी रेणूच्या एका कोपऱ्याबद्दल एकच प्रश्न विचारते आणि हो किंवा नाही म्हणते. नावापर्यंत पोचायचं तर प्रश्नांचा क्रम नीट लावावा लागतो.

सुरुवात आरशापासून करू. त्याचा प्रश्न: रेणूत अल्डिहाइड गट आहे का? दोन मिलिलिटर पाच टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब टाकला की तपकिरी साका पडतो. हा सिल्व्हर ऑक्साइड. आता विरल अमोनिया थेंब थेंब घालत हलवत राहायचं आणि साका जेमतेम विरघळला की हात आवरायचा. या ‘जेमतेम’ला महत्त्व आहे. अमोनिया जास्त झाला तर तो चांदीला इतकं धरून ठेवतो की चाचणी बोथट होते. तयार झालेल्या या द्रावणाला टॉलेन्सचं अभिकर्मक म्हणतात. त्यात नमुन्याचे दोन-तीन थेंब टाकून पाचेक मिनिटं ट्यूब न हलवता ठेवायची. काही दिसलं नाही तर ५०-६० अंशांच्या गरम पाण्यात धरायची. थेट ज्योतीवर अजिबात नाही. अल्डिहाइड असेल तर त्याचं आम्ल होतं, त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांना मिळतात आणि धातूरूप चांदी काचेला आतून चिकटते.

काच तेलकट असेल तर आरसा बनत नाही, नुसता करडा-काळा गाळ पडतो. विद्यार्थी तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. खरं तर तो गाळही चांदीचाच, उत्तर ‘हो’. चकचकीत आरसा हवा असेल तर ट्यूब आधी गरम कॉस्टिक सोड्याने आणि मग भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवावी. आणि हे अभिकर्मक ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी बनवायचं, उरलेलं लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून संपवायचं. ठेवून दिलं तर त्यात सिल्व्हर नायट्राइडसारखे स्फोटक पदार्थ तयार होतात आणि वाळलेला थर नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतो. इथे काटकसर करू नये.

जाता जाता आपल्या भागातला एक प्रयोग. शुद्ध साखरेचं द्रावण या चाचणीला दाद देत नाही, पण गुळाचं पाणी देतं. गुळात साखरेसोबत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि दोघंही चांदी सोडवतात. यातला फ्रुक्टोज अल्डिहाइड नाही, कीटोन आहे! कीटोनच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असला की आरसा पडतो. म्हणजे ‘आरसा आला, अल्डिहाइडच’ हे वाक्य आपल्या पाच बाटल्यांपुरतं खरं. बाजारातून आणलेल्या कुठल्याही नमुन्याला ते लागू नाही.

आपल्या टेबलावर एका ट्यूबमध्ये आरसा आला. ती बाटली प्रोपिऑनाल्डिहाइडची. चार राहिल्या.

दुसरा प्रश्न आयोडोफॉर्मचा: रेणूत CH₃CO हा तुकडा आहे का, किंवा ज्यापासून तो बनेल असा CH₃CH(OH) तुकडा आहे का? नमुन्याचे चार-पाच थेंब दोन मिलिलिटर पाण्यात घ्यायचे, तेवढंच दहा टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालायचं आणि पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवलेलं आयोडिन थेंब थेंब सोडायचं. आधी प्रत्येक थेंबाचा तपकिरी रंग पडतो आणि हलवल्यावर जातो. रंग हलकासा टिकायला लागला की थांबायचं, ६० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवायचं आणि उरलेला रंग सोड्याच्या एक-दोन थेंबांनी घालवायचा. फिकट पिवळा साका आणि जुन्या दवाखान्यातल्या ड्रेसिंगसारखा वास आला तर उत्तर ‘हो’. वास तोच असण्याचं कारण सरळ आहे: आयोडोफॉर्म एके काळी जखमांवर जंतुनाशक म्हणून वापरत.

इथे घडतं असं. कार्बोनिलशेजारच्या CH₃ मधले तिन्ही हायड्रोजन एकामागून एक आयोडिनने बदलतात. तीन जड आयोडिनचं ओझं घेतलेला तो कार्बन मग अल्कलीच्या माऱ्याने तुटून CHI₃ म्हणून बाहेर पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये आधी कार्बोनिल नसतोच, पण सोडा आणि आयोडिनच्या मिश्रणात ऑक्सिडीकरणाचीही ताकद असते, त्यामुळे त्याचं आधी ॲसिटोन होतं आणि पुढची गोष्ट तीच. म्हणून ॲसिटोनचा साका चटकन पडतो, अल्कोहोलला थोडी ऊब आणि सवड लागते. हा फरक हुशारीने बघावा, पण निकाल त्यावर देऊ नये.

या चाचणीतला सगळ्यात मोठा चकवा ॲसिटोनचाच. ट्यूब लवकर वाळावी म्हणून ती ॲसिटोनने विसळायची पद्धत सगळीकडे आहे. मग बाटलीत काहीही असो, प्रत्येक ट्यूबमध्ये पिवळं! यावर उपाय एकच: एका ट्यूबमध्ये नमुन्याऐवजी नुसतं पाणी घ्यायचं. तिच्यातही साका आला तर दोष काचेचा आहे.

मळीपासून डिस्टिलरीत निघणारं इथेनॉल हे आयोडोफॉर्म देणारं एकमेव प्राथमिक अल्कोहोल आहे. मिथेनॉल देत नाही. यावरून ‘विषारी दारू अशी ओळखता येईल’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. इथेनॉलमध्ये मिथेनॉल मिसळलं असेल तरी साका पडणारच, इथेनॉलमुळे. मिश्रणात दुसरं काय दडलंय याबद्दल ही चाचणी काही बोलत नाही.

आपल्या चारपैकी दोन बाटल्यांनी पिवळा साका दिला: त्या ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल. दोघींनी दिला नाही: एन-प्रोपिल आणि टर्शरी ब्युटिल. आता प्रत्येक जोडी फोडायची, आणि दोन्ही जोड्या एकाच चाचणीने फुटतात.

हॉवर्ड ल्युकास या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३० मध्ये ती मांडली. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात निर्जल झिंक क्लोराइड थंड करत विरघळवायचं. एक मिलिलिटर नमुन्यावर याचे सहा मिलिलिटर पटकन ओतून बूच लावायचं, हलवायचं आणि घड्याळ बघायचं. झिंक क्लोराइड अल्कोहोलच्या OH गटाला ओढून काढायला मदत करतं, जागा क्लोरीन घेतो. पाच-सहा कार्बनपर्यंतचं अल्कोहोल या द्रावणात विरघळतं, पण तयार झालेलं क्लोराइड विरघळत नाही, म्हणून द्रावण गढूळ होतं. OH निघून गेल्यावर धनभारित राहिलेल्या कार्बनला शेजारचे कार्बन सावरतात. टर्शरी ब्युटिलमध्ये असे तीन शेजारी आहेत, म्हणून ते लगेच गढूळ होतं. आयसोप्रोपिलमध्ये दोन, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. एन-प्रोपिलला एकच शेजारी. ते खोलीच्या तापमानाला नितळच राहतं.

मूळ कृतीत तापमान २६-२७ अंश धरलेलं आहे, आणि आपल्याकडे चुकतं ते इथेच. आयसोप्रोपिल क्लोराइड साधारण ३६ अंशांनाच उकळतं. एप्रिलच्या दुपारी उघड्या ट्यूबमध्ये ते बनता बनता उडून जातं, गढूळपणा टिकत नाही आणि वहीत ‘प्राथमिक अल्कोहोल’ लिहिलं जातं. म्हणून बूच घट्ट हवं आणि ट्यूब साध्या पाण्याच्या बीकरमध्ये उभी असावी. ट्यूबमागे छापील कागद धरला तर अक्षरं अंधूक व्हायला लागलेली लवकर कळतात. झिंक क्लोराइड हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर वापरली तर अभिकर्मक मंदावतं. शेजारी माहितीतल्या आयसोप्रोपिलची एक ट्यूब लावली की दोष अभिकर्मकाचा की नमुन्याचा हे समजतं.

पिवळा साका देणाऱ्या जोडीत सात-आठ मिनिटांनी गढूळ झाली ती आयसोप्रोपिल, न झालेली ॲसिटोन. दुसऱ्या जोडीत ओतताक्षणी दुधाळ झाली ती टर्शरी ब्युटिल.

राहिलं एन-प्रोपिल. याची ओळख फक्त तीन नकारांवर उभी आहे, आणि मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्या बाटलीत चुकून नुसतं पाणीमिश्रित भलतंच काही असतं तरी तिन्ही उत्तरं ‘नाही’च आली असती. म्हणून तिच्यातले थोडे मिलिलिटर गरम करून त्यात आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेट थेंब थेंब सोडायचं आणि निघणारी वाफ लगेच थंड करून गोळा करायची. प्रोपिऑनाल्डिहाइड ४९ अंशांच्या आसपास उकळतं, एन-प्रोपिल ९७ला. त्यामुळे बनलेलं अल्डिहाइड पुढे ऑक्सिडाइज होऊन आम्ल होण्याआधी बरंचसं निसटून येतं. नारिंगी द्रावण हिरवं होत जातं. गोळा झालेल्या द्रवाचे दोन थेंब ताज्या टॉलेन्समध्ये टाकले की आरसा पडतो, आणि ज्या बाटलीने सुरुवातीला त्याच चाचणीत काहीच दाखवलं नव्हतं तिचं लेबल आता लिहिता येतं.