विधान-कारण प्रश्न: आधी दोन वाक्ये वेगवेगळी तपासा, मग त्यांचा दुवा

आमच्या क्लासमधल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

दहावीच्या सीबीएसई पेपरात विधान-कारण प्रश्न एका गुणाचा असतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. प्रश्न दिसायला छोटा असतो. वर एक विधान, खाली एक कारण आणि त्याखाली चार पर्याय. बहुतेक पेपरांत हे पर्याय असे असतात: (अ) दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे, (ब) दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही, (क) विधान बरोबर, कारण चूक, (ड) विधान चूक, कारण बरोबर. क्रम बदललेला असू शकतो आणि काही परीक्षांत 'दोन्ही चूक' असाही पर्याय असतो. म्हणून पर्याय दर वेळी वाचायचे, पाठ असल्यासारखे गृहीत धरायचे नाहीत.

मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना एकच चूक सर्वांत जास्त आढळते. दोन्ही वाक्ये एका दमात वाचली जातात आणि मधे 'कारण' हा शब्द असल्याने ती मनात आपोआप जोडली जातात. एकदा जोडली की दोन्ही खरीच वाटू लागतात आणि हात (अ)कडे वळतो. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून सांगतो: खालचे वाक्य हाताने झाका. वरचे वाक्य एकटे वाचा आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने खरे की खोटे लिहा. मग वरचे झाका आणि खालचे तसेच तपासा. दुवा आहे की नाही, हा प्रश्न दोन्हीसमोर 'खरे' लिहिले असेल तरच येतो.

झाकल्याने काय फरक पडतो ते पाहा. विधान: पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत कडक उन्हाळा असतो. कारण: त्या काळात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. एका दमात वाचले तर पटकन पटते, कारण जवळ म्हणजे गरम असे आपल्याला वाटतेच. खालचे वाक्य एकटे वाचले की ते खोटे ठरते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला. उत्तर (क). अशा प्रश्नात कारण खरे असते तर विधान पटले असते, एवढीच त्याची ताकद असते. ते खरे आहे का, हे कोणी विचारतच नाही.

उलटही घडते. 'शुद्ध पाणी विजेचे उत्तम वाहक आहे' हे विधान चूक आहे, पण 'नळाच्या पाण्यातील आयनांमुळे त्यातून वीज वाहते' हे कारण बरोबर आहे. कारण बरोबर दिसले की मुले त्याचा खरेपणा विधानालाही बहाल करतात. 'सर्व', 'फक्त', 'नेहमी', 'शुद्ध' असे शब्द वाक्यात आले की पेन्सिल तिथे थांबलीच पाहिजे. 'सर्व धातू खोलीच्या तापमानाला स्थायू असतात' हे वाक्य एकट्या पाऱ्यामुळे खोटे ठरते.

खरी कसोटी (अ) आणि (ब) यांच्यात आहे

दोन्ही वाक्ये खरी निघाली की बहुतेक गुण इथेच जातात. यासाठी एक उदाहरण नीट सोडवून पाहू.

विधान: पुण्यात मुंबईपेक्षा पाऊस खूप कमी पडतो. कारण: पुणे मुंबईपेक्षा समुद्रसपाटीपासून जास्त उंचीवर आहे.

विधान खरे आहे. मुंबईत वर्षाला साधारण 2,200 मिलिमीटर पाऊस पडतो, तर पुण्यात 700 ते 750 मिलिमीटर. कारणही खरे आहे, पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. आता दुवा. कारणाकडे पुन्हा पाहण्याआधी विधानाला 'असे का?' विचारा आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत द्या: नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना वर जातात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस पाडतात. पलीकडे उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होते. पुणे त्या पर्जन्यछायेत येते. या उत्तरात पुण्याच्या उंचीला जागा नाही. आता खात्री करून घ्या. नुसत्या उंचीने पाऊस कमी होत असता, तर सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरात पुण्याहूनही कमी पडला असता. पण तिथे 5,000 मिलिमीटरहून अधिक पडतो. उत्तर (ब). कारणाच्या जागी 'पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे' असे वाक्य असते तर उत्तर (अ) झाले असते.

'असे का?' हे आधी विचारण्यालाच महत्त्व आहे. कारण वाचून मग पटते का पाहिले, तर जवळजवळ कोणतेही कारण पटवून घेता येते. आपले उत्तर आधी तयार असेल, तर छापलेले कारण त्याच्याशी जुळवून पाहता येते.

दुवा तपासताना दोन सापळे वारंवार येतात. पहिला उलट्या दिशेचा. विधान: उंचीवर गेले की हवेचा दाब कमी होतो. कारण: उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते. दोन्ही खरी आहेत. पुण्यातही पाणी 100 ऐवजी साधारण 98 अंशांनाच उकळते. पण पाणी लवकर उकळते म्हणून दाब कमी होत नाही, दाब कमी असतो म्हणून ते लवकर उकळते. इथे कारण म्हणून दिलेले वाक्य खरे तर परिणाम आहे. उत्तर (ब). दोन वाक्यांची अदलाबदल केली की (अ).

दुसरा सापळा अपुऱ्या कारणाचा. विधान: लोखंडी खिळा साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात लवकर गंजतो. कारण: गंज चढायला हवा आणि पाणी लागते. दोन्ही खरी आहेत आणि विषयही एकच, म्हणून हुशार मुलेही (अ) लिहितात. पण विधानाचा भार 'लवकर' या शब्दावर आहे, आणि हवा-पाणी तर साध्या पाण्यातल्या खिळ्यालाही मिळतेच. फरक मिठाच्या आयनांमुळे पडतो, आणि त्याबद्दल कारणात एक अक्षरही नाही. उत्तर (ब). विधानातला असा भार असलेला शब्द अधोरेखित करा, आणि कारण त्याच शब्दाला उत्तर देते का ते पाहा.

एका गोष्टीची एकाहून अधिक कारणे असतात आणि दिलेले कारण त्यातले एकच असते, तेव्हा (अ) की (ब) यावर शिक्षकांतही मतभेद होतात. अशा वेळी आम्ही पाठ्यपुस्तकात त्या घटनेचे जे स्पष्टीकरण छापले आहे तेच प्रमाण मानतो. पेपर साधारणपणे त्यालाच धरून काढला जातो.

घरी सराव करताना पालकांनी उत्तर कोणते हे विचारू नये. दोन्ही वाक्यांशेजारी खरे-खोटे लिहिलेले आहे का आणि 'असे का?' याचे उत्तर तोंडी देता येते का, एवढेच पाहावे. चुकलेले प्रश्न क्लासला आणताना पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. चूक विधान तपासताना झाली, कारण तपासताना की दुवा जोडताना, हे आम्हाला त्या खुणांवरूनच कळते आणि पुढचा सराव त्यानुसार देता येतो.