नेट मीटरच्या फोटोतला आठ खरंच आठ आहे का?

छतावर सोलर बसवलेल्या घराचा वीजहिशेब तीन आकड्यांवर चालतो. पॅनेलनी किती वीज तयार केली, हा पहिला आकडा इन्व्हर्टरच्या पडद्यावर असतो. ग्रिडमधून किती वीज घेतली (इम्पोर्ट) आणि ग्रिडला किती दिली (एक्सपोर्ट), हे दोन नेट मीटरवर असतात. घरात प्रत्यक्षात किती वीज वापरली, हे यांपैकी कुठेच लिहिलेलं नसतं, ते काढावं लागतं. वेगळा सेन्सर जोडलेला नसेल तर घरात फ्रीज चालू आहे की गीझर, याचा इन्व्हर्टरला पत्ता नसतो. त्याला फक्त स्वतःमधून गेलेली वीज कळते. त्यामुळे इन्व्हर्टरवरच्या आकड्याला ‘आमचा वापर’ म्हणणं ही पहिलीच आणि सर्रास होणारी चूक.

इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर साधारणपणे `Pac`, `E-Today` आणि `E-Total` अशी नावं दिसतात. `Pac` ही त्या क्षणाची शक्ती, वॅटमध्ये. ढग आला की ती पडते, म्हणून महिन्याच्या हिशेबात तिचा उपयोग नाही. `E-Today` रोज शून्यावर येतो, आणि इन्व्हर्टरचं घड्याळ चुकलेलं असेल तर भलत्याच वेळी येतो. हिशेबासाठी हवा तो `E-Total`. हा बसवल्यापासूनचा एकूण आकडा. एक पथ्य मात्र पाळावं: काही इन्व्हर्टर आकडा मोठा झाला की `kWh` सोडून `MWh` दाखवू लागतात. १२.३४ `MWh` म्हणजे १२,३४० युनिट, आणि पडद्यावरचा शेवटचा अंक दर दहा युनिटांनीच हलतो.

नेट मीटरचा पडदा स्वतःहून पुढे सरकत राहतो. बटण दाबूनही सरकवता येतो. त्यात इम्पोर्ट आणि एक्सपोर्टचे `kWh` शोधायचे. काही मीटरवर कोपऱ्यात कोड येतो: `1.8.0` म्हणजे एकूण इम्पोर्ट, `2.8.0` म्हणजे एकूण एक्सपोर्ट. काहींवर `IMP` आणि `EXP` असं लिहिलेलं असतं. शेजारच्याच पडद्यावर `kVAh` येतो आणि त्याचा आकडा `kWh` च्या इतका जवळचा असतो की घाईत तोच टिपला जातो. मागच्या महिनाअखेरीचं गोठवलेलं रीडिंगही याच रांगेत येऊ शकतं. ते ओळखायची खूण सोपी आहे: चार दिवसांनी पुन्हा फोटो काढला तरी ते जागचं हलत नाही.

म्हणून मीटरचा एक फोटो काढण्यापेक्षा सगळे पडदे एकदा फिरून येईपर्यंत व्हिडिओ घ्यावा आणि नंतर थांबवून वाचावा. पडदा बदलल्यानंतरची लगेचची चौकट मात्र सोडून द्यावी. एलसीडी सावकाश बदलतो, त्यामुळे त्या क्षणी जुना अंक पुरता मावळलेला नसतो आणि नवा पुरता उमटलेला नसतो.

आता मुख्य अडचण. मीटरवरचा प्रत्येक अंक सात काड्यांचा असतो. आठमध्ये सातही काड्या लागतात. त्यातली वरची उजवी काडी गेली की ६, मधली आडवी गेली की ०, खालची डावी गेली की ९. एक आणि सात यांच्यातही फक्त वरच्या आडव्या काडीचा फरक. फोटोत काडी दोन प्रकारे फसवते, आणि ते दोन प्रकार नेमके उलट दिशांना ओढतात. काचेवर उजेडाची चकाकी पडली की असलेली काडी पुसली जाते, म्हणजे आठाचा सहा होतो. उलट, मीटर उंचावर असल्यामुळे फोटो तिरका काढला की बंद असलेल्या काड्याही करड्या दिसू लागतात आणि सहाचा आठ होतो. तिरक्या फोटोत सगळेच अंक आठासारखे वाटू लागले तर कारण हेच. शंकेच्या काडीची तुलना शेजारच्या अंकातल्या त्याच जागच्या काडीशी करावी: ती ठळक काळी आहे की नुसती करडी? फ्लॅश बंद ठेवावा, लेन्स पडद्याच्या समोरासमोर धरावी आणि चकाकी हातातल्या वहीने अडवावी.

तिसरी शक्यता म्हणजे काडी खरोखरच मेलेली असणं. बऱ्याच मीटरवर पडद्यांच्या फेरीत सगळे आठ दाखवणारा एक चाचणीचा पडदा येतो. लोक तो निरर्थक समजून पुढे जातात, पण कोणती काडी कायमची गेली आहे हे तिथेच कळतं.

३ किलोवॅटच्या एका नमुना संचाचा मार्च महिना घेऊ. १ मार्चच्या सकाळी `E-Total` ४८१२.६, इम्पोर्ट २१४६.३, एक्सपोर्ट ३०५७.२. १ एप्रिलच्या सकाळी अनुक्रमे ५१८९.४, २२९१.८ आणि ३२८८.९. वजाबाकी केली की निर्मिती ३७६.८, इम्पोर्ट १४५.५ आणि एक्सपोर्ट २३१.७ युनिट. तयार झालेल्यातून ग्रिडला दिलेले वजा केले की उरले १४५.१. ही सोलरची वीज थेट घरात वापरली गेली. त्यात ग्रिडकडून घेतलेले १४५.५ मिळवले की घराचा खरा वापर २९०.६ युनिट, म्हणजे दिवसाला साधारण नऊ-साडेनऊ.

आता आकडे खरे वाटतात का ते पाहू. ३७६.८ भागिले ३१ दिवस, भागिले ३ किलोवॅट, म्हणजे किलोवॅटमागे रोज सुमारे ४ युनिट. महाराष्ट्रातल्या उन्हाला हे शोभतं. फोटोत ५१८९.४ ऐवजी ५७८९.४ वाचलं असतं, तर निर्मिती ९७६.८ निघाली असती. एवढी वीज हा संच एका महिन्यात देऊच शकत नाही, त्यामुळे एक-सातची ही चूक लगेच पकडली जाते. पण एक्सपोर्ट ३२८८.९ ऐवजी ३२६८.९ वाचला तर? एक्सपोर्ट २११.७ होतो, घराचा वापर ३१०.६ होतो, आणि दोन्ही अगदी स्वाभाविक दिसतात. दशकस्थानची चूक अशी लपून राहते. ती उघडी पडते पुढच्या महिन्यात: सुरुवातीचं रीडिंग २० ने कमी धरल्यामुळे एप्रिलचा एक्सपोर्ट २० ने फुगतो. एका महिन्यात घट आणि पुढच्यात तेवढीच वाढ, तीही २०, ८० किंवा २०० अशा गोल आकड्यात दिसली, तर वीजवापराची चौकशी करण्याआधी जुना फोटो पुन्हा उघडावा. आधीच सावध राहायचं असेल तर महिन्याऐवजी आठवड्याला फोटो काढावा. आठवड्याच्या हिशेबात २० युनिट चांगलेच खटकतात.

दोन्ही फोटो एकाच वेळचे हवेत, हेही तितकंच महत्त्वाचं. इन्व्हर्टरचा दुपारी बाराला आणि मीटरचा संध्याकाळी काढला, तर मधल्या तासांची पाच-सहा युनिटं एका आकड्यात येतात आणि दुसऱ्यात नाहीत. रात्री इन्व्हर्टरचा पडदा बहुधा विझलेला असतो, कारण त्याला वीज पॅनेलकडूनच मिळते. तेव्हा सकाळी तो नुकताच जागा झालेला असताना दोन्ही फोटो पाठोपाठ काढावेत. त्या वेळी निर्मिती इतकी कमी असते की पाच-दहा मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. एरवी तो दाबला जाऊन काड्यांच्या कडा पुसट होतात, आणि फाइलच्या नावातली तारीख पाठवल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे.

सगळं नीट वाचूनही इन्व्हर्टरचा आकडा आणि वेगळा सोलर मीटर बसवलेला असेल तर त्याचा आकडा तंतोतंत जुळत नाही. इन्व्हर्टरचं मोजमाप मीटरइतकं काटेकोर नसतं, त्यामुळे थोडे टक्के इकडेतिकडे होतात. सोलर मीटर असेल तर निर्मिती त्याच्यावरूनच धरावी. आणि इन्व्हर्टर किंवा त्याचं आतलं बोर्ड बदललं गेलं, तर `E-Total` पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतो. जुनं काढून नेण्याआधी त्याच्या पडद्याचा शेवटचा फोटो घेऊन ठेवावा.